पडताळणीचा दिवस आणि दवाखान्यातली खाट

सरळसेवा भरतीचा निकाल लागला, यादीत नाव आले की घरात पेढे वाटले जातात. कार्यालयाच्या लेखी मात्र ती निवड अजून तात्पुरती असते. अर्जात भरलेली प्रत्येक गोष्ट मूळ कागदाशी जुळली, तरच तात्पुरत्या यादीतले नाव अंतिम यादीत जाते. हे जुळवणे म्हणजे कागदपत्र पडताळणी. जन्मतारीख, शिक्षण, अधिवास, जातीचा दाखला, उन्नत व प्रगत गटात मोडत नसल्याचा दाखला, लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापत्र, आणि समांतर आरक्षण मागितले असेल तर खेळाडू, माजी सैनिक किंवा प्रकल्पग्रस्त असल्याचा पुरावा, असा तो गठ्ठा असतो. त्यासाठी उमेदवाराला एक दिवस आणि एक वेळ दिली जाते. नेमक्या त्याच दिवशी उमेदवार दवाखान्यात असला तर नवी तारीख मागावी लागते. ती मिळणे बऱ्याचदा मागण्याच्या पद्धतीवर अवलंबून असते.

तलाठी पदाचेच उदाहरण घेता येईल. या पदाला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. २०२३ च्या भरतीत परीक्षा राज्यभर एकत्र झाली, निवड मात्र जिल्हावार होती आणि पडताळणीचे काम जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा निवड समितीकडे होते. म्हणजे नव्या तारखेचा अर्ज परीक्षा घेणाऱ्या कंपनीच्या मदत क्रमांकावर सांगून भागत नाही, पुण्यामुंबईच्या वरिष्ठ कार्यालयाला पाठवूनही उपयोग होत नाही. ज्या कार्यालयाने पडताळणीची सूचना काढली आणि जिच्या खाली सदस्य सचिवांची किंवा आस्थापना शाखेच्या अधिकाऱ्याची सही आहे, त्याच कार्यालयाकडे तो जायला हवा. चुकीच्या दारी गेलेला अर्ज योग्य टेबलावर पोहोचेपर्यंत तारीख उलटून जाते.

उमेदवाराने स्वतः यावे हा आग्रह नुसत्या शिस्तीपोटी नसतो. परीक्षेला बसलेली व्यक्ती आणि नोकरीला येणारी व्यक्ती एकच आहे, हे त्या दिवशी पाहिले जाते. अर्जावरचा फोटो, सही, परीक्षा केंद्रावर घेतलेला अंगठ्याचा ठसा यांच्याशी समोरच्या माणसाचा मेळ घातला जातो. डमी उमेदवार बसवण्याचे प्रकार यातूनच उघडकीला येतात. म्हणून भावाने किंवा वडिलांनी मूळ कागदांची पिशवी नेऊन दिली म्हणून पडताळणी पुरी होत नाही. सूचनेत प्रतिनिधी चालेल असे स्पष्ट लिहिलेले असेल तरच तो मार्ग खुला असतो. एरवी घरच्या माणसाने जायचे ते नव्या तारखेचा अर्ज द्यायला, मूळ कागद टेबलावर ठेवून यायला नाही.

पडताळणीच्या सूचनेत शेवटी बहुतेक वेळा एक ओळ असते. दिलेल्या दिवशी गैरहजर राहिल्यास उमेदवाराचा दावा राहणार नाही आणि पुन्हा संधी दिली जाणार नाही, अशा अर्थाची. ती वाचून अनेक जण खचतात आणि अर्जच करत नाहीत. त्या ओळीचा खरा अर्थ एवढाच की नवी तारीख हा उमेदवाराचा हक्क नाही. समितीने ती द्यावी की नाही हा समितीचा विवेक आहे. पण हा विवेक समितीला वापरता यावा म्हणून तिच्यासमोर वेळेत अर्ज असावा लागतो. कारण न कळवता गैरहजर राहिलेला आणि कारण कळवून पुराव्यासह गैरहजर राहिलेला, या दोघांची नोंद कागदावर वेगळी पडते. काही सूचनांत तर गैरहजर उमेदवारांसाठी एक राखीव दिवस आधीच जाहीर केलेला असतो. तो सूचनेच्या तळाशी किंवा वेळापत्रकाच्या शेवटच्या ओळीत असतो आणि घाईत वाचणाऱ्याच्या नजरेतून सुटतो. सूचना शेवटपर्यंत वाचल्यावर कधीकधी अर्जातली अर्धी विनवणी अनावश्यक ठरते. राखीव दिवशी येतो, एवढे कळवले की पुरते.

आता या विषयातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. हजर राहण्याची नवी तारीख मागणे वेगळे आणि कागद जमवायला मुदतवाढ मागणे वेगळे. कार्यालयात हे दोन्ही अर्ज एकाच टपालात येतात, पण त्यांचे भवितव्य अगदी निराळे असते. कोणता दाखला कोणत्या तारखेपर्यंतचा हवा हे जाहिरातीने आधीच ठरवलेले असते. बहुधा ती अर्ज करण्याची शेवटची तारीख असते. पडताळणी आज झाली काय किंवा पंधरा दिवसांनी झाली काय, ती तारीख हलत नाही. तेव्हा आजारपणाचे कारण पुढे करून न काढलेला दाखला मिळवायचा प्रयत्न फसतो. शिवाय त्यामुळे खरे आजारी असलेल्यांच्या अर्जाकडेही संशयाने पाहिले जाते. समितीच्या मनात पहिला प्रश्न हाच येतो, की याच्याकडे कागद नाहीत म्हणून तर हा वेळ काढत नाही ना? ज्या अर्जात या प्रश्नाचे उत्तर न विचारता दिलेले असते, तो अर्ज मंजूर होणे सोपे जाते.

एक प्रसंग समजा. एका मुलीचे नाव तलाठी पदाच्या तात्पुरत्या निवड यादीत आहे. पडताळणी बुधवारी १२ तारखेला सकाळी अकरा वाजता जिल्हाधिकारी कार्यालयात आहे. गाव जिल्ह्याच्या ठिकाणापासून ७० किलोमीटरवर. सोमवारी संध्याकाळी तिच्या पोटात दुखू लागते, रात्री उलट्या होतात, पहाटे तालुक्याच्या गावी नेल्यावर डॉक्टर अपेंडिक्सला सूज असल्याचे सांगतात आणि मंगळवारी दुपारी शस्त्रक्रिया होते. दुर्बिणीतून केलेली शस्त्रक्रिया ठीक पार पडली तर दोनतीन दिवसांत घरी सोडतात. पण बुधवारी सकाळी अकराला ती ७० किलोमीटर प्रवास करून रांगेत उभी राहू शकणार नाही, हे उघड आहे.

अशा घरात मंगळवारचा दिवस धावपळीत जातो आणि अर्जाची आठवण बुधवारी दुपारी होते. तोवर हजेरीपटावर तिच्या नावापुढे ‘अनुपस्थित’ पडलेले असते. म्हणून शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर बसलेल्या भावाने मंगळवारीच दोन कामे करायची असतात. एक, डॉक्टरांकडून प्रमाणपत्र घेणे. दोन, अर्ज कार्यालयात पोचवणे. दाखल केल्याचा कागद, म्हणजे केस पेपर, लगेच मिळतो. सविस्तर प्रमाणपत्राला वेळ लागत असेल तर केस पेपरची प्रत जोडून अर्ज आधी द्यावा आणि प्रमाणपत्र मागाहून सादर करत असल्याचे त्यातच लिहावे. पुरावा पूर्ण होईपर्यंत अर्ज थांबवून ठेवणे ही या प्रकरणांत नेहमी होणारी चूक आहे. डिस्चार्ज कार्ड हातात येते तेव्हा तारीख केव्हाच गेलेली असते.

प्रमाणपत्र कसे हवे यावर थोडे थांबायला हवे, कारण बरेच अर्ज इथेच लुळे पडतात. ‘रुग्णाला विश्रांतीची गरज आहे’ एवढ्या ओळीवर समिती काही ठरवू शकत नाही. समितीला तीन गोष्टी हव्या असतात. रुग्ण कधी दाखल झाला, पडताळणीच्या दिवशी तो प्रवास का करू शकत नाही आणि कोणत्या तारखेपासून तो येऊ शकेल. यातली तिसरी गोष्ट डॉक्टर आपणहून लिहीत नाहीत, ती विचारून लिहून घ्यावी लागते. खाली डॉक्टरांची सही, शिक्का आणि वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक असावा. प्रमाणपत्रांची नोंदवही ठेवणे आणि नोंदणी क्रमांक लिहिणे हे भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांत डॉक्टरांना सांगितलेले आहे, त्यामुळे तो मागण्यात संकोच वाटायचे कारण नाही. त्याच नियमांनुसार रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने मागितल्यावर उपचाराची कागदपत्रे ७२ तासांत द्यायची असतात. पडताळणीच्या हिशेबात ७२ तास फार झाले, म्हणून मागणी दाखल होतानाच लेखी करून ठेवलेली बरी.

विश्रांतीचा काळ वाढवून लिहून घेण्याचा मोह टाळायला हवा. आठवड्याने प्रवास करता येणार असताना प्रमाणपत्रावर महिनाभराची विश्रांती आली, तर समितीला महिनाभर यादी अडवून ठेवणे शक्य नसते. खोटे प्रमाणपत्र तर सरळ गुन्हा आहे, देणाऱ्याचाही आणि वापरणाऱ्याचाही. ते उघडकीला आले तर निवड जाते आणि पुढच्या भरत्यांचीही वाट बंद होऊ शकते.

अनेकांना, विशेषतः मुलींना, आजाराचे नाव कार्यालयात सांगावेसे वाटत नाही. ते अर्जात सांगण्याची गरजही नसते. ‘तातडीची शस्त्रक्रिया’ किंवा ‘तातडीने रुग्णालयात दाखल’ एवढे पुरते आणि तपशील असलेला कागद बंद पाकिटात जोडता येतो. आजारपण सांगितले तर नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत अडचण येईल, अशीही एक धास्ती असते. ती तपासणी नियुक्तीच्या टप्प्यावर वेगळी होते आणि त्या पदाचे काम करण्याइतकी प्रकृती आहे का एवढेच तिथे पाहिले जाते. काढून टाकलेल्या अपेंडिक्सचा तलाठ्याच्या कामाशी काही संबंध नाही.

अर्ज एका पानाचा असावा. वर दिलेल्या प्रसंगातला अर्ज साधारण असा होईल :

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष, जिल्हा निवड समिती.

विषय : तलाठी पदाच्या कागदपत्र पडताळणीसाठी नवीन तारीख मिळणेबाबत.
संदर्भ : आपल्या कार्यालयाची पडताळणीची सूचना (क्रमांक व दिनांक).

महोदय,
वरील पदाच्या तात्पुरत्या निवड यादीत माझे नाव असून माझा परीक्षा क्रमांक व अर्ज क्रमांक खाली दिला आहे. मला १२ तारखेला सकाळी ११ वाजता पडताळणीसाठी बोलावले आहे. ११ तारखेला पहाटे मला रुग्णालयात दाखल करण्यात आले व त्याच दिवशी माझ्यावर तातडीची शस्त्रक्रिया झाली. त्यामुळे १२ तारखेला मी हजर राहू शकत नाही.
जाहिरातीनुसार लागणारी सर्व मूळ कागदपत्रे माझ्याकडे असून ती जाहिरातीतील अंतिम तारखेपूर्वीची आहेत. त्यांच्या स्वयंसाक्षांकित प्रती सोबत जोडल्या आहेत. कागदपत्रांसाठी मी कोणतीही मुदतवाढ मागत नाही.
डॉक्टरांच्या सल्ल्यानुसार मी १९ तारखेपासून प्रवास करू शकेन. त्यानंतरच्या, आपल्या सोयीच्या कोणत्याही दिवशी मला पडताळणीसाठी बोलवावे, ही विनंती. माझ्याशी खालील भ्रमणध्वनीवर किंवा माझ्या भावाशी संपर्क साधता येईल.

या अर्जाचे खरे बळ मधल्या परिच्छेदात आहे. प्रती सोबत जोडल्यामुळे समितीतल्या लिपिकाला लगेच दिसते की कागद आहेत आणि त्यांच्या तारखा बरोबर आहेत. राहिले फक्त मूळ कागद आणि माणूस प्रत्यक्ष पाहणे. ‘बरी झाल्यावर येईन’ असे मोघम न लिहिता तारीख दिल्यामुळे समितीला आपले वेळापत्रक त्याभोवती बसवता येते. घरची गरिबी, वडिलांचे कष्ट, ही शेवटची संधी, असे बरेच अर्जांत लिहिलेले असते. ते मनापासून असते, पण अधिकाऱ्याला त्यावर काही करता येत नाही आणि कामाची ओळ त्यात हरवते.

सही उमेदवाराचीच हवी. हाताला सलाईन असले तरी सही बहुधा करता येते. ती अर्जातल्या सहीशी जुळत नसेल तर शेजारी डॉक्टरांची साक्ष घ्यावी. उमेदवार शुद्धीवर नसेल तर जवळचा नातेवाईक ‘उमेदवाराच्या वतीने’ असे लिहून, कारण सांगून, स्वतःच्या ओळखपत्राची प्रत जोडून अर्ज देऊ शकतो. नंतर उमेदवाराने स्वतःच्या सहीने तोच अर्ज पुन्हा द्यावा.

अर्ज दोन वाटांनी पाठवणे शहाणपणाचे. भरतीचा अर्ज भरताना दिलेल्या ईमेलवरूनच कार्यालयाच्या ईमेलवर आणि शिवाय कोणाच्या तरी हाती कागदावर. भावाने मंगळवारी संध्याकाळी कार्यालय बंद होण्यापूर्वी किंवा बुधवारी उघडताच टपाल शाखेत जावे आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. पोच म्हणजे गोल शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक. नुसता शिक्का पुरेसा नाही. आवक क्रमांक असला की तो कागद नोंदवहीत चढला याचा पुरावा हातात राहतो. पोच घेतल्यावर तीच प्रत घेऊन पडताळणी चाललेल्या सभागृहात जावे आणि तिथल्या कर्मचाऱ्याला दाखवावी, म्हणजे हजेरीपटात नावापुढे ‘अनुपस्थित, वैद्यकीय कारणास्तव अर्ज प्राप्त’ अशी नोंद करता येते. टपाल शाखेतला कागद आस्थापना शाखेत पोचायला एकदोन दिवस जातात आणि गैरहजरांची यादी कधीकधी त्याच संध्याकाळी तयार होते. हे दोन मजल्यांमधले अंतर अनेक खऱ्या अर्जांना भोवले आहे.

पुढे अर्जाचे काय होते? आस्थापना शाखेचा लिपिक त्यावर टिपणी लिहितो. सूचनेची तारीख, गैरहजेरी, जोडलेले वैद्यकीय कागद, आणि शेवटी ‘आदेशार्थ सादर’. वर अधिकाऱ्याला दोन गोष्टींची चिंता असते. एकाला सवलत दिली तर तशाच परिस्थितीतल्या दुसऱ्याला नाकारता येणार नाही. आणि प्रतीक्षा यादीतला उमेदवार रोज विचारायला येतो आहे. एखादी जागा रिकामी राहिली तर ती त्या प्रवर्गातल्या पुढच्या माणसाची असते, त्यामुळे तारीख देण्याचा निर्णय त्याच्याही नजरेतून टिकावा लागतो. म्हणून अधिकारी हो म्हणतात तेव्हा बहुधा ‘अंतिम संधी’ असे शब्द घालून म्हणतात आणि ती तारीख लवकरची असते. समितीची अंतिम बैठक होण्याआधी अर्ज आला असेल तर हे जमते. अंतिम यादी एकदा प्रसिद्ध झाली की तोच अधिकारी, मनात असूनही, फारसे काही करू शकत नाही.

उमेदवार स्वतः आजारी नसून आईला किंवा मुलाला अचानक दाखल करावे लागले असेल तर प्रकरण कठीण होते. त्या दिवशी सोबत दुसरे कोणी राहू शकले नसते का, असा प्रश्न येतो. रुग्णालयाच्या संमतीपत्रावर उमेदवाराची सही असेल किंवा सोबतचा नातेवाईक म्हणून त्याचेच नाव असेल, तर ती प्रत जोडावी. बाळंतपणाचे तसे नाही. संभाव्य तारीख आधी माहीत असते, म्हणून पडताळणीची सूचना निघताच अर्ज द्यावा. अचानक कळा येण्याची वाट पाहण्यात काही शहाणपण नाही.

फोनवर ‘या, बघू’ असे मिळालेले उत्तर म्हणजे उत्तर नव्हे. ईमेलने किंवा पत्राने तारीख आली तरच ती आली. तीनचार दिवसांत काही न कळल्यास आवक क्रमांकाचा उल्लेख करून स्मरणपत्र द्यावे, आणि संकेतस्थळ रोज पाहावे, कारण नव्या तारखा पुष्कळदा व्यक्तिशः न कळवता तिथेच जाहीर होतात.

अर्ज फेटाळला गेला किंवा उत्तर न देताच नाव वगळले गेले, तर दिवस मोजायला लागतात. प्रथम समितीच्या अध्यक्षांकडे लेखी निवेदन, पोच आणि प्रमाणपत्रासह. आपल्या अर्जावर काय टिपणी झाली हे माहिती अधिकाराच्या अर्जाने मागता येते. शुल्क दहा रुपये आणि उत्तराची मुदत ३० दिवस. पण त्या ३० दिवसांत प्रतीक्षा यादीतल्या उमेदवाराला नियुक्तिपत्र मिळू शकते, आणि मग दुसऱ्याची नोकरी काढून घेण्याचा प्रश्न उभा राहतो. म्हणून माहितीची वाट पाहत बसू नये. तलाठी हे राज्य शासनाचे पद असल्याने दाद महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे मागायची असते. त्याची खंडपीठे मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे आहेत. जिल्हा परिषद किंवा महापालिकेच्या पदासाठी उच्च न्यायालयात जावे लागते. न्यायाधिकरणात जायला कायद्याने एक वर्ष दिले आहे, पण या प्रकारात वर्षाचा काही उपयोग नाही. जागा भरण्यास स्थगिती मिळवायची असेल तर पहिल्या काही दिवसांतच जावे लागते. तिथे पाहिला जाणारा पहिला कागद म्हणजे पडताळणीच्या तारखेची किंवा त्याआधीची पोच.

प्रसंगातल्या मुलीला २० तारीख मिळाली असे धरू. त्या दिवशी तिने मूळ कागदांबरोबर नव्या तारखेचे पत्र, डिस्चार्ज कार्ड आणि प्रमाणपत्राची मूळ प्रत नेली पाहिजे, कारण टेबलावरचा कर्मचारी आठवड्यापूर्वीचा नसतो आणि त्याच्या यादीत तिचे नाव नसण्याची शक्यता असते. जड पिशवी उचलायची नाही, असे डॉक्टरांनी सांगितलेले असते, म्हणून भाऊ सोबत येईल, पण दाराबाहेर थांबेल. पडताळणी झाली की तपासणी पत्रकावर तिची सही होईल. तिथून निघण्यापूर्वी हजेरीपटावरची जुनी ‘अनुपस्थित’ ही नोंद बदलून तिच्यापुढे नवी तारीख आणि अधिकाऱ्याची आद्याक्षरे पडली आहेत ना, हे तिने डोळ्यांनी पाहून घ्यावे. अंतिम यादी त्याच पटावरून तयार होते.